संत्र्यातला एक दाणा म्हणजे एक पेशी का? मुलाचे चारपैकी तीन मार्क गेले

खामल्याची_आई
नमस्कार मंडळी. माझा मुलगा आठवीत आहे, त्याच्या युनिट टेस्टमध्ये प्रश्न होता की पेशी, ऊती, अवयव, संस्था या पातळ्या आपल्या आजूबाजूचं एक उदाहरण घेऊन दाखवा. घरात त्या दिवशी संत्र्यांची पेटी आलेली, त्यामुळे त्याच्या डोक्यात तेच, त्याने लिहिलं की संत्र्याच्या फोडीतला तो रसाचा बारीक दाणा म्हणजे पेशी, पूर्ण फोड म्हणजे ऊती, आख्खं संत्रं म्हणजे अवयव आणि झाड म्हणजे संस्था. चार मार्कांपैकी एक मिळाला, फक्त "अवयव" बरोबर. बाकी सगळ्यावर काट मारली आहे पण का चूक ते लिहिलेलं नाही. पोरगं रडवेलं होऊन बसलं आहे कारण त्याने पाठ केलेलं उदाहरण न देता स्वतः विचार करून लिहिलं होतं. मला खरंच समजून घ्यायचं आहे, मी कॉमर्सची आहे. तो दाणा पेशी नाही तर मग काय आहे?

मनीषनगर_ट्यूशन
ताई, मी आठवी ते दहावी सायन्स शिकवतो. मला वाटतं तुमच्या मुलाचा पहिला मुद्दा बरोबरच आहे. संत्र्याचा दाणा ही एकच मोठी पेशी असते, रसाने भरलेली, बाहेरून पातळ आवरण असतं ती पेशीभित्तिका. मी वर्गात नेहमी हेच उदाहरण देतो की नुसत्या डोळ्यांनी दिसणारी पेशी. शाळेत जाऊन मार्क मागा. फोड ऊती नाही हे मात्र खरं, आणि झाड म्हणजे सजीव, संस्था नाही.

काटोल_बागायतदार
दाण्याचा विषय निघाला म्हणून विचारून राहिलो, माझ्या बागेत या वर्षी आंबिया बहाराची काही फळं बाहेरून एकदम चांगली, मोठी, रंगही आला, पण कापलं की देठाकडचे दाणे पांढरट, टणक, रसच नाही. व्यापारी फळ फोडून पाहतो आणि पूर्ण ढीग पाडून मागतो. पाणी तर व्यवस्थित दिलं होतं. हे कशामुळे होऊन राहिलं?

खामल्याची_आई
भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण असू द्या, कोणी जाणकार आले तर दोघांनाही उत्तर मिळेल.

स्लाइडवाले_काका
मी नागपुरात एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली, आता रिटायर आहे. ताई, आधी मुलाला सांगा की त्याचं उत्तर चुकलं तरी त्याने निवडलेली वस्तू फार चांगली आहे.

दाणा एक पेशी नाही. मनीषनगरवाले सर, हा गैरसमज खूप जणांचा आहे, दिसायला तो तसाच दिसतो म्हणून. फळ अगदी लहान, हिरव्या मण्याएवढं असतं तेव्हा प्रत्येक फोडीची जागा आतून पोकळ असते. त्या पोकळीच्या भिंतीवर आतल्या बाजूने बारीक उंचवटे येतात, तिथल्या पेशी विभागत जातात, उंचवटा लांबतो, पुढचं टोक फुगतं आणि मागे देठासारखी बारीक दांडी राहते. म्हणजे दाणा हा मुळात भिंतीवर उगवलेला एक जाड केस आहे, आणि तो केस पुष्कळ पेशींचा आहे. बाहेरून लांबट पेशींचं घट्ट आवरण, आत पातळ भिंतीच्या मोठ्या मोठ्या पेशी. त्या आतल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीने, व्यापलेली असते आणि आपण पितो तो रस त्या रिक्तिकांमधला.

घरी तपासायचं असेल तर फ्रीजमधलं गार संत्रं घ्या, एक दाणा सोडवा आणि नव्या ब्लेडने मधोमध कापा. एकच पेशी असती तर एका कापात सगळा रस वाहून दोन रिकामी टोपणं उरली असती. तसं होत नाही, कापलेल्या जागचा रस येतो पण दोन्ही टोकं भरलेली राहतात, कारण तिथल्या पेशी फुटलेल्याच नसतात.

मनीषनगर_ट्यूशन
सर, ब्लेडवालं आत्ता करून पाहिलं. टोकाकडे रस राहतो हे खरं आहे. मग मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं सांगत होतो, उद्याच वर्गात दुरुस्त करतो. पण मग एक विचारतो, पेशी डोळ्यांनी दिसतच नाही असं सांगायचं का? तसं सांगितलं की मुलं लगेच अंड्याचं विचारतात.

स्लाइडवाले_काका
नाही, तसंही सांगू नका. आकारावरून पेशी ठरतच नाही. आपल्याच विदर्भात डोळ्यांनी दिसणारी पेशी शेतोशेती उभी असते, कापूस. सरकीवरचा रुईचा एक तंतू, एकच, म्हणजे एक पूर्ण पेशी. लांबी साधारण २८ मिलिमीटर आणि रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही थोडी कमी, म्हणजे लांबी रुंदीच्या दीड हजार पट.

आता ही जोडी पाहा. संत्र्याचा दाणाही केस, कापसाचा तंतूही केस. दाण्यात पेशी विभागत गेल्या म्हणून तो अनेक पेशींचा झाला. कापसात फूल उमलतं त्या दिवसाच्या आसपास कोवळ्या बियांच्या वरच्या थरातल्या काही पेशी बाहेर यायला लागतात आणि पुढे त्या विभागतच नाहीत, नुसत्या लांबत जातात, जवळपास तीन आठवडे. मग लांबणं थांबतं आणि आतून सेल्युलोजचे थर चढायला लागतात. बोंड फुटलं की पेशी वाळते, मरते, आतली पोकळी बसते आणि तंतू चपटा होऊन पिळतो. वर्गात दाखवायचं तर या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, दाणा लहान दिसतो पण पेशी पुष्कळ, तंतू इंचभर लांब पण पेशी एकच.

हिंगणघाट_जिनिंग
आमचा धंदाच हा आहे म्हणून वाचून आनंद झाला. आम्ही मायक्रोनेअर पाहतो, म्हणजे तंतूच्या बारीकपणाचं आणि भरावाचं माप, त्याचा आकडा खूप कमी आला की समजतो माल कच्चा आहे, तंतूला भराव नाही. असा कापूस पुढे रंग नीट धरत नाही आणि गाठी गाठी पडतात. म्हणजे काका म्हणतात ते सेल्युलोजचे थर नीट चढले नाहीत असंच ना? आणि मग शर्टाचा धागा पण एक पेशीच म्हणायचा का?

स्लाइडवाले_काका
पहिलं बरोबर ओळखलं. तंतू लांब झालेला असतो पण भिंत पातळ राहते, पाऊस कमी पडला, झाड लवकर वाळलं किंवा किडीने बोंड वेळेआधी फुटलं की असं होतं. एक सांभाळा, आकडा तंतूच्या मुळातल्या जाडीवरही अवलंबून असतो, काही वाण जातीनेच बारीक असतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून कच्चा म्हणता येत नाही.

शर्टाचा धागा मात्र एक पेशी नाही, त्यात कित्येक तंतू एकत्र पिळलेले असतात. आणि तो ऊतीही नाही. ऊतीतल्या पेशी एकत्र वाढलेल्या, एकमेकींना जोडलेल्या असतात, सूत तर माणसाने पिळलेलं आहे.

खामल्याची_आई
काका, इतकं सोपं करून सांगितलंत. मुलगा शेजारी बसून वाचतो आहे. तो विचारतो की मग आपले डोक्याचे केस पण एकेक पेशी का, कापसासारखे? आणि फोड का ऊती नाही?

स्लाइडवाले_काका
केसांचा प्रश्न फार नेमका विचारला त्याने. नाही. आपला केस किंवा मेंढीची लोकर, दोन्हीत मेलेल्या पेशींचे थर असतात, बाहेर खवल्यांसारख्या चपट्या पेशी एकावर एक आणि आत लांबट पेशींचा गाभा. सूक्ष्मदर्शकात लोकरीवर ते खवले दिसतात, कापसावर दिसत नाहीत, तिथे पिळलेली फीत दिसते. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर दोन्ही पाण्याच्या एकेका थेंबात ठेवून पाहायला सांगा, रंग लावायचीही गरज नाही.

फोड ऊती का नाही, तर ऊतीत एकसारख्या किंवा एका कामाला जुंपलेल्या पेशी असतात. फोड हातात घ्या, बाहेर पातळ पापुद्रा आहे, त्यावर पांढऱ्या रेषा आहेत, आत दाणे, कुठे बी. इतक्या निरनिराळ्या गोष्टी आहेत त्यात. फोड हा अवयवाचा एक कप्पा आहे. आणि त्या पांढऱ्या रेषा आपण सोलून फेकतो ना, त्यात झाडाच्या वाहिन्या असतात, पाणी आणि साखर फळापर्यंत आणणाऱ्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या. संवहनी ऊती बोटाने उचलून पाहायची असेल तर तीच.

गंमत म्हणजे या वाहिन्या फोडीच्या भिंतीपर्यंतच येतात, दाण्याच्या आत शिरत नाहीत. तिथून पुढे साखर दांडीमधून पेशीकडून पेशीकडे सरकत जाते, आणि म्हणूनच हा प्रवास फार हळू होतो.

काटोलवाले भाऊ, तुमचं उत्तर राहिलं नाही, इथेच जोडतो. तुम्ही सांगता त्याला दाणे टणक पडणं, ग्रॅन्युलेशन म्हणतात. बिघाड पेशीत असतो. दाण्याच्या आतल्या ज्या भिंती पातळ राहायला हव्या त्या जाड होतात, पाणी मोकळा रस म्हणून न राहता चिकट जेलीसारखं बांधलं जातं, साखर आणि आंबटपणा दोन्ही कमी होतात. बाहेरची साल वेगळ्या ऊतीची, तिला काही झालेलं नसतं, म्हणून फळ बाहेरून चांगलं दिसतं आणि फोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा देठाकडून सुरू होतं.

काटोल_बागायतदार
हो जी, देठाकडूनच. मग पाणी जास्त झालं म्हणून का? आणि औषध कोणतं?

स्लाइडवाले_काका
नेमकं एक कारण कोणी बोट ठेवून सांगेल तर मी विश्वास ठेवणार नाही. इतकं दिसून येतं की फार मोठ्या फळांत जास्त, जोमाने वाढणाऱ्या तरुण झाडांवर जास्त, आणि पिकल्यावर झाडावर बराच वेळ ठेवलेल्या फळांत जास्त. टणक झालेला दाणा पुन्हा मऊ होत नाही, जाड झालेली भिंत काही उलट पातळ होत नाही, तेव्हा आत्ताच्या फळांवर फवारणीचे पैसे घालू नका. पुढच्या हंगामात तोडणी लांबवू नका आणि रंग आला की दर काही दिवसांनी चार झाडांची मोठी फळं देठाजवळ आडवी कापून पाहा. अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, तिथे कापलेली फळं घेऊन जा, ते माती आणि पानांवरून आणखी सांगतील.

महाल_किचन
सगळं संत्र्याचं चाललंय म्हणून मी प्राण्याचं सांगते. आमच्याकडे रविवारी वजडी होते, सावजी मसाल्यात. बोकडाचं पोट आणल्यावर आम्ही ते गरम पाण्यात बुडवतो आणि सुरीने आतली काळपट साल खरवडून काढतो, ती टॉवेलसारखी खरखरीत असते. साल निघाली की खाली पांढरं, चिवट राहतं. ते तास-दीड तास शिजवलं की मग मऊ आणि थोडं चिकट होतं. ही साल म्हणजे एक ऊती आणि पांढरं म्हणजे दुसरी, असं म्हणता येईल का? मी दहावीपर्यंतच शिकले आहे, चुकलं तर सांगा.

स्लाइडवाले_काका
ताई, तुम्ही थर हाताने वेगळे करता आहात, आमच्या मुलांना हे स्लाइडवर दाखवायला अर्धा तास लागायचा. टॉवेलसारखी साल म्हणजे मुख्यतः अभिस्तर ऊती, बोकडाच्या मोठ्या पोटात ती चाऱ्याच्या घर्षणाला टिकावी म्हणून वरून कडक असते. ते बारीक बारीक उंचवटे आहेत ना, त्यांनी आतला पृष्ठभाग वाढतो आणि चारा आंबून तयार झालेली आम्लं तिथून रक्तात जातात. त्याच्या खाली संयोजी ऊती, चिवटपणा आणि शिजल्यावरचा चिकटपणा तिच्यामुळे, तिच्यातलं कोलॅजन उष्णतेने जिलेटिन होतं, कमी शिजवलं तर ते रबरासारखं राहतं. त्याखाली स्नायूंचे दोन थर आणि बाहेर पातळ आवरण. स्नायूंच्या थरांमध्ये चेतापेशींचं जाळंही असतं पण ते डोळ्यांना दिसत नाही.

तर "पांढरं म्हणजे दुसरी ऊती" इतकंच नाही, त्या पांढऱ्यात दोन-तीन ऊती आहेत. आणि हे सगळे थर मिळून पोट हा एक अवयव होतो. नुसती साल पोट नाही, नुसता स्नायू पोट नाही.

काटोल_बागायतदार
काका, मग ते पोट फुगतं बकरीचं, तेही याच्यातच येतं का? मागच्या हिवाळ्यात आमची एक बकरी ओला हरभऱ्याचा पाला भरपूर खाऊन आली, डावी कूस ढोलासारखी झाली, श्वासच घेईना. डॉक्टर आले म्हणून वाचली.

स्लाइडवाले_काका
यातच येतं, आणि पातळ्या समजायला याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही. चारा आंबला की गॅस होतो, तो रोजच होतो. पोटाचे स्नायू मिनिटाला एक-दोनदा आकुंचन पावतात, गॅस वर ढकलला जातो आणि बकरी ढेकर देऊन तो काढते. ओला कडधान्याचा पाला खूप खाल्ला की गॅसचे बुडबुडे फेसात अडकतात, ढेकर निघत नाही, किंवा दुसऱ्या कारणांनी स्नायू मंदावतात. मग पोट डाव्या बाजूला फुगतं, ते पुढे श्वासपटलावर दाब देतं, फुप्फुसं पसरायला जागा राहत नाही. म्हणजे बिघाड पचनसंस्थेतल्या एका अवयवात आणि जीव जायची वेळ येते ती श्वसनसंस्था अडल्यामुळे. डाव्या कुशीवर हात ठेवला तर निरोगी बकरीत ते आकुंचन हाताला जाणवतं, तेच न जाणवणं आणि कूस ताठ लागणं ही खूण. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरलाच बोलवा.

मनीषनगर_ट्यूशन
सर, एक मुद्दा राहिला. वनस्पतीत संस्था असतात का? मी मुलांना सांगतो की प्राण्यांसारख्या संस्था वनस्पतींत नसतात, ऊतीवरून थेट अवयव आणि मग झाड.

स्लाइडवाले_काका
पचनसंस्था, श्वसनसंस्था अशा नसतात हे बरोबर. पण मूळ संस्था आणि प्ररोह संस्था म्हणतातच, जमिनीखालचं सगळं एक आणि वरचं खोड, पानं, फुलं, फळं दुसरं. ताईंच्या मुलाने झाड हीच संस्था लिहिली तिथे तेवढी एक पायरी चुकली, संत्रं प्ररोह संस्थेत येतं आणि दोन्ही संस्था मिळून झाड.

सदर_बायो
मी पीजी करते आहे बॉटनीत, काकांच्या एका मुद्द्यावर बोलायचं आहे. दाण्यात बाहेरचा थर एक प्रकारचा आणि आतल्या पेशी दुसऱ्या प्रकारच्या. म्हणजे दोन ऊती एकत्र येऊन रस साठवायचं एक काम करत आहेत. मग व्याख्येप्रमाणे दाण्यालाच अवयव म्हणायला काय हरकत? ताईंच्या मुलाला "दाणा म्हणजे ऊती" असं सांगितलं तर तेही पूर्ण बरोबर होणार नाही.

स्लाइडवाले_काका
मान्य. म्हणून मी वर कुठेच दाण्याला ऊती म्हटलेलं नाही. पण अवयवही म्हणणार नाही, कारण तो फळाच्या भिंतीचा उपांग आहे, भिंतीच्या पेशींपासूनच आलेला, त्याच्यात स्वतःची वाहिनीसुद्धा नाही. मी त्याला अनेकपेशीय केस किंवा रसपिशवी म्हणून थांबतो.

सदर_बायो
वाहिनी नसणं ही अवयव नसण्याची अट कुठे आहे काका? मॉसच्या पानांतही खऱ्या वाहिन्या नसतात, आपण त्यांना पान म्हणतोच.

स्लाइडवाले_काका
मॉसच्या पानाला खरं पान म्हणायचं का यावरही वाद आहेच बेटा. पायऱ्या आपण समजायला केल्या आहेत, संत्रं त्या पाहून वाढलेलं नाही. तुझा मुद्दा मला खोडता येत नाही, पण पटतही नाही अजून.

खामल्याची_आई
अपडेट देते. शाळेत मार्क मागायला गेले नाही, पण सरांना भेटून या धाग्यातलं सांगितलं, त्यांनी मुलाला प्रयोगशाळेत कापूस आणि लोकर दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहू दिलं. लोकरीचे खवले दिसले. कापसाची फीत दिसली, पण त्याने घरी येऊन सांगितलं की एकच तंतू थोडा डावीकडे पिळलेला आणि पुढे जाऊन उजवीकडे पिळलेला होता. सर म्हणाले हात हलला असेल. त्याला पक्कं वाटतंय की हात हलला नव्हता. काका, असं असतं का?

स्लाइडवाले_काका
हात हलला नव्हता. जिवंत असताना भिंतीत सेल्युलोजचे बारीक तंतुक तिरपे गुंडाळले जातात आणि एकाच पेशीत ही तिरपी दिशा मधेमधे उलटते. पेशी वाळून चपटी झाली की पीळही त्याप्रमाणे कुठे या बाजूचा, कुठे त्या बाजूचा पडतो. एका तंतूवर असे पुष्कळ बदल असतात. त्याला म्हणावं पुढच्या वेळी एका तंतूवर ते किती आहेत ते मोजून वहीत लिही, आणि हिंगणघाटवाल्या भाऊंकडून दोन वेगळ्या वाणांची रुई मिळाली तर दोन्हीत मोज.

हिंगणघाट_जिनिंग
पाठवतो. ताई, पत्ता इथे नका टाकू, मेसेज करा. एक देशी आणि एक लांब धाग्याची, दोन पुड्या करून नाव लिहून देतो.